चार्ज सोपवतानाची टिपणी: स्विचांची यादी, अपलिंक आणि कारण न कळलेल्या खोडी

उत्तरवारा

नमस्कार. मी सध्याच्या नोकरीतून लवकरच मुक्त होत असून, माझ्या जागी येणाऱ्या नेटवर्क प्रशासकासाठी टिपणी लिहीत आहे. नवी व्यक्ती मी गेल्यानंतर रुजू होणार असल्यामुळे शेजारी बसवून समजावून सांगण्याची सोय नाही. जे सांगायचे ते कागदावरच सांगावे लागेल. पासवर्ड आणि आयपी पत्ते वगळून मसुद्याचा मुख्य भाग येथे ठेवतो. जाणकारांनी त्यातील उणिवा दाखवाव्यात, ही विनंती.

इमारत चार मजल्यांची आहे. सर्व्हर खोलीत `CORE-1` हा कोअर स्विच असून सर्व व्हीलॅनचे गेटवे त्याच्यावरच आहेत. प्रत्येक मजल्याच्या कपाटात २४ पोर्टांचा एक अ‍ॅक्सेस स्विच आहे. व्हीलॅन तीनच आहेत: १० संगणकांसाठी, २० प्रिंटरांसाठी आणि ३० टेलिफोनसाठी. प्रत्येक स्विचसमोर मॉडेल, अनुक्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती, वॉरंटीची मुदत आणि कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे लिहिले आहे. `ACC-3` सर्वांत जुना असून त्याची वॉरंटी संपलेली आहे. अपलिंक सगळे १ गिगाबिटचे आणि फायबरचे आहेत:

```
ACC-1  Gi0/24  ->  CORE-1  Gi1/0/1
ACC-2  Gi0/24  ->  CORE-1  Gi1/0/2
ACC-3  Gi0/24  ->  CORE-1  Gi1/0/3
ACC-4  Gi0/24  ->  CORE-1  Gi1/0/4
ACC-3  Gi0/23  ->  ACC-4   Gi0/23   (राखीव)
```

शेवटची जोडणी माझ्या आधीच्या प्रशासकांनी राखीव म्हणून टाकलेली आहे. तिसऱ्या किंवा चौथ्या मजल्याचा कोअरकडे जाणारा फायबर तुटला, तर शेजारच्या मजल्यावरून वाट मिळावी, हा तिचा हेतू.

आता ‘माहीत असलेल्या खोडी’ या सदरात जे लिहिले आहे ते असे. पहिली खोड: `ACC-3` रीस्टार्ट केला की चौथ्या मजल्यावरील संगणकांचेही नेटवर्क जाते, तेही दोनदा, दर वेळी सुमारे अर्धा मिनिट, फोन मात्र चालू राहतात, म्हणून हा स्विच कामाच्या वेळेत बंद करू नये. दुसरी: चौथ्या मजल्यावर सर्वांत जास्त माणसे बसत असूनही देखरेखीच्या आलेखात `CORE-1` च्या `Gi1/0/4` वरची वाहतूक कायम नगण्य दिसते, काउंटर चुकीचा असावा, दुर्लक्ष करावे. तिसरी: महिनाअखेरीस तिसऱ्या मजल्यावरून मोठ्या फायली सर्व्हरवर चढवल्या जातात, तेव्हा नेटवर्क संथ झाल्याच्या तक्रारी चौथ्या मजल्यावरूनही येतात, कारण सापडलेले नाही. चौथी: `ACC-2` चे `Gi0/17` हे पोर्ट १०० एमबीपीएस आणि फुल डुप्लेक्सवर कायम केलेले आहे, ते बदलू नये.

एवढ्यावर नवी व्यक्ती काम चालवू शकेल का?

कुहू

टिपणी नेटकी आहे, परंतु अपलिंकच्या भागात सर्वांत महत्त्वाची माहितीच दिसत नाही. इंटरनेट पुरवठादाराचा सर्किट क्रमांक, तक्रार नोंदवण्याचा दूरध्वनी आणि कराराची मुदत या गोष्टी नसतील, तर लाइन बंद पडल्यावर नव्या माणसाने कोणाच्या नावाने हाका मारायच्या? आमच्याकडे याच एका कारणावरून अख्खा दिवस वाया गेला होता.

उत्तरवारा

कुहू, ती माहिती टिपणीत स्वतंत्र पानावर आहे. येथे अपलिंक म्हणजे मजल्यावरच्या स्विचपासून कोअरपर्यंतची जोडणी, एवढाच अर्थ घ्यावा. मात्र तुमच्या प्रतिसादानंतर त्या पानाचे शीर्षक ‘इंटरनेट लाइन’ असे करून टाकले, म्हणजे वाचणाऱ्याची गल्लत होणार नाही.

जुना खेळाडू

चौथ्या खोडीबद्दल लिहितो, कारण तशाच एका ओळीने मला चांगलाच त्रास दिला आहे. मी एका ठिकाणी रुजू झालो तेव्हा मला मिळालेल्या टिपणीतही ‘हे पोर्ट बदलू नये’ एवढेच वाक्य होते. माझ्या आधीच्या माणसाने ते बदलले नाही, मी बदलले. सगळी पोर्टे एकसारखी करण्याच्या उत्साहात त्या पोर्टाचाही वेग ‘ऑटो’वर नेला. पलीकडे एक जुने यंत्र होते, ज्याचे जाळे-कार्ड १०० आणि फुल डुप्लेक्सवर कायमचे बांधलेले होते आणि ते वाटाघाटीला उत्तरच देत नव्हते. अशा वेळी स्विचला वेग ओळखता येतो, पण डुप्लेक्स ओळखता येत नाही, म्हणून तो नियमाप्रमाणे हाफ डुप्लेक्स धरून चालतो. एक बाजू फुल, दुसरी हाफ.

यातली खरी पंचाईत अशी की काहीच बंद पडत नाही. दिवा हिरवा राहतो, पिंग जाते आणि येते, लहानसहान कामे होतात. मोठी फाइल पाठवली की मात्र सगळे गोगलगायीच्या गतीने चालते. उलगडा झाला तो `show interfaces` मध्ये `late collision` चा आकडा वाढताना दिसला तेव्हा. आजच्या स्विचच्या पोर्टावर तो आकडा शून्यच असायला हवा. तोवर यंत्राचा पुरवठादार आणि आमच्या कार्यालयातला एक विभाग यांच्यात पुरेशी शोभा होऊन गेली होती.

म्हणून `Gi0/17` च्या ओळीत पलीकडे कोणते यंत्र आहे, ते वाटाघाटी करत नाही म्हणून वेग बांधला आहे, बदलल्यास कोणते लक्षण दिसेल आणि यंत्र काढून टाकल्यावर पोर्ट पुन्हा ऑटोवर न्यावे, असे चारही मुद्दे लिहा. नुसत्या ‘बदलू नये’ने नव्या माणसाचे कुतूहल तेवढे चाळवते.

उत्तरवारा

पटले. पलीकडे हजेरीचे जुने यंत्र आहे, एवढे मला ठाऊक आहे. त्याच्या आतली सेटिंग पाहून मगच ती ओळ नव्याने लिहीन.

सुमेधा

टिपणीतील पहिल्या तिन्ही खोडी मला वेगवेगळ्या वाटत नाहीत. तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट असावी, आणि ती म्हणजे आपली अपलिंकची यादी आणि प्रत्यक्ष वाहतुकीची वाट एक नाही. यादीत केबल कुठून कुठे जाते ते आहे. स्पॅनिंग ट्रीने त्यांतली कोणती केबल चालू ठेवली आहे, ते त्यात नाही. कोअर, तिसरा आणि चौथा मजला मिळून त्रिकोण होतो. त्रिकोणाची एक बाजू बंद ठेवल्याशिवाय लूप टळत नाही. ‘राखीव’ असे लिहिलेली बाजूच बंद आहे, असे आपण सर्व जण गृहीत धरतो. पण ते ठरवणारे आपण नव्हे, रूट स्विच ठरवतो.

कृपया `ACC-4` वर पुढील आज्ञा चालवून उत्तर येथे द्या. मॅक पत्ते झाकले तरी चालतील.

```
show spanning-tree vlan 10
```

बिनधास्त

एवढ्या खोलात जायची गरज नाही. अर्धा मिनिट नेटवर्क जाते म्हणजे जुना स्पॅनिंग ट्री चालू आहे. लिसनिंगचे १५ सेकंद आणि लर्निंगचे १५ सेकंद, झाले ३०. सगळ्या स्विचांवर रॅपिड चालू करा, अपलिंकच्या पोर्टांवर पोर्टफास्ट लावा, खोड संपली. काउंटरचे म्हणाल तर देखरेखीचा सर्व्हर एकदा रीस्टार्ट करून पाहावा.

उत्तरवारा

सुमेधाताई, हे घ्या. लांबी कमी करण्यासाठी काही ओळी गाळल्या आहेत.

```
VLAN0010
  Spanning tree enabled protocol ieee
  Root ID    Priority    32778
             Cost        4
             Port        23 (GigabitEthernet0/23)

Interface    Role Sts Cost   Prio.Nbr Type
Gi0/23       Root FWD 4      128.23   P2p
Gi0/24       Altn BLK 4      128.24   P2p
```

म्हणजे राखीव म्हणून नोंदवलेली जोडणी चालू आहे आणि मुख्य अपलिंक बंद आहे, असेच ना? रूटचा जो मॅक पत्ता दिसतो तो `ACC-3` चा निघाला.

सुमेधा

होय. आता क्रमाने पाहू.

रूटची प्रायॉरिटी ३२७७८ दिसते. हा मूळ ३२७६८ हा आकडा अधिक व्हीलॅनचा क्रमांक १० आहे. याचा अर्थ प्रायॉरिटी कोणीही कधी ठरवलेली नाही, सर्व स्विच कारखान्यातून आले तसेच आहेत. प्रायॉरिटी समसमान असली की ज्याचा मॅक पत्ता लहान तो रूट होतो. जुन्या स्विचचा पत्ता बहुधा लहान असतो. हा काही नियम नव्हे, पण अनुभव मात्र वारंवार येतो. त्यामुळे वॉरंटी संपलेला, मजल्यावरच्या कपाटातला `ACC-3` तुमच्या संपूर्ण इमारतीचा रूट होऊन बसला आहे.

रूट तिसऱ्या मजल्यावर असल्यामुळे सर्व अंतरे तिथून मोजली जातात. १ गिगाबिटच्या जोडणीची किंमत ४. कोअरपासून रूट ४ वर आहे. `ACC-4` पासूनही `Gi0/23` मार्गे तो ४ वरच आहे. कोअरमार्गे गेल्यास ८ होतात. म्हणून `ACC-4` ने थेट जोडणी निवडली. मग उरली कोअर आणि `ACC-4` यांच्यामधली केबल. दोघेही रूटपासून सारख्याच अंतरावर, तेव्हा ज्याची ओळख लहान त्याची बाजू उघडी राहते आणि दुसऱ्याने आपली बाजू मिटायची. तुमच्याकडे कोअरचा पत्ता `ACC-4` पेक्षा लहान असणार, म्हणून `Gi0/24` मिटलेले आहे.

यावरून तिन्ही खोडी सुटतात. चौथ्या मजल्यावरच्या संगणकांची सगळी वाहतूक `ACC-3` मधून, त्याच्या एकाच गिगाबिट अपलिंकवरून कोअरला जाते. म्हणून तिसऱ्या मजल्याने मोठ्या फायली चढवल्या की चौथा मजला कण्हतो. `Gi1/0/4` वर वाहतूक नाही, कारण ती तिथून जातच नाही. काउंटर बिचारा खरे बोलत होता. आणि `ACC-3` बंद झाला की `ACC-4` ला मिटलेले पोर्ट उघडावे लागते, त्यात ३० सेकंद जातात. तो परत सुरू झाला की पुन्हा रूट होतो, `ACC-4` उघडलेले पोर्ट तत्काळ मिटतो आणि `Gi0/23` तयार होईपर्यंत आणखी ३० सेकंद. दोनदा नेटवर्क जाण्याचे कारण हे. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याला काही जाणवत नाही, कारण त्यांचे कोअरकडचे पोर्ट या सगळ्यात मिटतच नाही.

चौकस

सुमेधाताईंचे विवेचन पटण्यासारखे आहे, पण एक गोष्ट त्यात बसत नाही. धागाकर्त्यांनी स्पष्ट लिहिले आहे की त्या वेळी चौथ्या मजल्यावरचे फोन चालू राहतात. फोन आणि संगणक एकाच स्विचवर, एकाच अपलिंकवर. `Gi0/24` मिटलेले असेल तर फोनही पडायला हवेत. शिवाय आलेखात वाहतूक ‘नगण्य’ आहे, शून्य नाही. मग काहीतरी त्या केबलवरून जातेच आहे. निष्कर्ष काढण्याची थोडी घाई तर होत नाही ना?

सुमेधा

प्रश्न योग्य आहे, आणि माझ्या उत्तरात तो सुटलेला नव्हता. `protocol ieee` असे दिसते त्या पद्धतीत या स्विचांवर प्रत्येक व्हीलॅनचे झाड वेगळे असते. मी फक्त १० पाहिले. माझा अंदाज असा की राखीव जोडणीच्या ट्रंकवर व्हीलॅन ३० सोडलेलाच नाही. तसे असेल तर फोनांच्या झाडात त्रिकोणच तयार होत नाही, `Gi0/24` त्यांच्यापुरते उघडे राहते, आणि आलेखात दिसते ती वाहतूक फोनांची. `show interfaces trunk` पाहून सांगा.

उत्तरवारा

तसेच आहे. `ACC-3` आणि `ACC-4` या दोन्हींकडे `Gi0/23` वर केवळ १० आणि २० ला परवानगी आहे. `show spanning-tree vlan 30` मध्ये `Gi0/24` समोर `Root FWD` दिसते. राखीव जोडणी बहुधा फोन येण्यापूर्वीची असावी. फोन आले तेव्हा व्हीलॅन ३० मुख्य अपलिंकवर टाकला गेला आणि ही ट्रंक तशीच राहिली.

यातून टिपणीतला आणखी एक दोष लक्षात आला. ‘राखीव’ हे वर्णन फोनांच्या बाबतीत खरेच नाही. चौथ्या मजल्याचा फायबर तुटला तर संगणक चालतील आणि फोन पडतील.

बिनधास्त

मग त्यात काय अवघड आहे? दोन्ही बाजूंना एक ओळ लिहा आणि मोकळे व्हा:

```
interface Gi0/23
 switchport trunk allowed vlan 30
```

जुना खेळाडू

बिनधास्त, ही ओळ कृपया कोणी जशीच्या तशी चिकटवू नये. या आज्ञेने यादीत ३० मिळवला जात नाही, यादीच बदलून फक्त ३० उरतो. आजच्या स्थितीत चौथ्या मजल्याचे संगणक नेमके याच जोडणीवरून चालले आहेत, म्हणजे दुपारी बारा वाजता कोणी हे केले तर १० आणि २० जागीच तुटतील. नंतर मिटलेला अपलिंक उघडेलही, पण तोपर्यंत दूरध्वनी खणखणू लागलेले असतील. `switchport trunk allowed vlan add 30` असे लिहायला हवे. `add` हा तीन अक्षरांचा शब्द विसरल्यामुळे दूरच्या स्विचवरचा स्वतःचाच प्रवेश तोडून घेतलेले लोक मी पाहिले आहेत.

सुमेधा

त्यात एवढीच भर घालते की आधी रूट जागेवर आणावा, व्हीलॅन ३० नंतर मिळवावा. क्रम उलटा केला तर संगणकांसारखेच फोनही तिसऱ्या मजल्याच्या वाटेला लागतील आणि आज धड चाललेली एकमेव गोष्टही बिघडेल.

बिनधास्त यांच्या पहिल्या प्रतिसादाबद्दलही लिहायचे राहिले होते. ३० सेकंदांचे त्यांचे गणित अचूक आहे आणि रॅपिडने ते सेकंद बरेच कमी होतील, हेही खरे. पण रॅपिड लावल्याने रूट बदलत नाही. खोड अर्ध्या मिनिटाऐवजी क्षणभर जाणवेल, लपेल, आणि चौथ्या मजल्याची वाहतूक पूर्वीसारखीच तिसऱ्या मजल्यातून वाहत राहील. पोर्टफास्ट मात्र दोन स्विचांमधल्या जोडणीवर लावायचा नसतो. तो संगणक, प्रिंटर अशा शेवटच्या उपकरणांच्या पोर्टांसाठी आहे. अपलिंकवर तो लावला आणि लूप असला, तर स्विचला तो कळेपर्यंत पोर्ट वाहते झालेले असते.

बिनधास्त

`add` राहिला, मान्य. पोर्टफास्टबद्दल मात्र मी तसा वापर पाहिला आहे आणि काही बिघडलेले नव्हते.

सुमेधा

ज्या जागी लूप नाही तिथे बिघडणार नाहीच. येथे त्रिकोण आहे.

चौकस

आता मूळ प्रश्नाकडे येतो. उपाय कोणता, याबद्दल दुमत दिसत नाही: कोअरला रूट करायचे. पण तो धागाकर्त्यांनी जाण्यापूर्वी करावा का? माझे मत असे की जाणाऱ्या माणसाने शेवटच्या आठवड्यात नेटवर्कच्या रचनेला हात लावू नये. काही बिघडले तर निस्तरायला तो नसेल, आणि न बिघडले तरी पुढे येणारी प्रत्येक तक्रार त्याच बदलावर ढकलली जाईल. टिपणीत कारण आणि उपाय लिहावा. अंमलबजावणी नव्या व्यक्तीने करावी.

जुना खेळाडू

माझे मत उलट आहे. नवी व्यक्ती पहिले काही महिने कोणत्याही स्विचला हात लावायला धजणार नाही. तोपर्यंत जुना `ACC-3` वीजपुरवठ्याच्या पेटीसकट कधी राम म्हणेल, सांगता येत नाही. ज्याला कोणते पोर्ट कुठे जाते हे पाठ आहे आणि ज्याच्या हाती कपाटाची किल्ली आहे, त्यानेच हे करावे. फक्त शेवटच्या दिवशी नव्हे.

सुमेधा

हा निर्णय तिथल्या वरिष्ठांचा आहे. करायचेच ठरले तर कामाची वेळ संपल्यावर कोअरवर एवढीच ओळ पुरेशी आहे:

```
spanning-tree vlan 10,20,30 priority 4096
```

प्रायॉरिटी ४०९६ च्या पटीतच देता येते. शून्य देऊ नये, म्हणजे पुढे कधी नवा कोअर बसवताना त्याला याहून लहान आकडा देता येईल. ओळ दिल्यावर चौथ्या मजल्याचे संगणक एकदा सुमारे ३० सेकंद तुटतील, कारण `Gi0/24` ला उघडायला तेवढा वेळ लागेल. तिसऱ्या मजल्याला काही जाणवू नये. मग `ACC-4` वर व्हीलॅन १० साठी रूटची प्रायॉरिटी ४१०६, `Gi0/24` समोर `Root FWD` आणि `Gi0/23` समोर `Altn BLK` दिसले पाहिजे. तसे दिसेपर्यंत कोअरवर `write memory` करू नये. काही भलतेच झाले तर त्याच ओळीच्या आधी `no` लावून आणि प्रायॉरिटीचा आकडा गाळून परत येता येते.

आणि खरी परीक्षा त्यानंतरची. चौथ्या मजल्यावरच्या संगणकावरून कोअरला सतत पिंग लावून `ACC-3` रीस्टार्ट करावा. पिंग तुटली नाही तर पहिली खोड गेली.

कुहू

मी आधी विषय चुकीचा समजले होते, पण आता वाचताना एक शंका आली. अपलिंकच्या यादीत हे ‘मिटलेले’ आणि ‘उघडे’ कसे लिहायचे? उद्या पुन्हा बदलले तर यादी पुन्हा खोटी ठरेल ना?

सुमेधा

कुहू, केबलची यादी आणि वाटेची नोंद वेगळी ठेवावी. केबल कोणी हलवल्याशिवाय बदलत नाही. ती यादी `show cdp neighbors` शी अधूनमधून ताडून पाहावी. बिनडोक्याचा छोटा स्विच मध्ये कोणी बसवला असेल तर तो त्या यादीत दिसत नाही, हे लक्षात ठेवून. वाटेसाठी ‘आज काय आहे’ हे न लिहिता ‘काय असायला हवे’ ते लिहावे: रूट `CORE-1`, मिटलेले पोर्ट `ACC-4` चे `Gi0/23`. प्रत्यक्षात त्याहून वेगळे दिसले की ती यादीची चूक नव्हे, नेटवर्कमध्ये काहीतरी घडल्याची खूण समजावी.

उत्तरवारा

सर्वांचे आभार. वरिष्ठांनी परवानगी दिली आणि बदल काल कामाची वेळ संपल्यावर केला. ओळ दिल्यावर चौथ्या मजल्यावरची पिंग अपेक्षेप्रमाणे अर्ध्या मिनिटाच्या आसपास तुटली आणि परत आली. `ACC-4` वरचे उत्तर सुमेधाताईंनी लिहिले होते तसेच दिसले. नंतर `ACC-3` रीस्टार्ट केला. तिसरा मजला अर्थातच गेला, चौथ्याची पिंग एकदाही चुकली नाही. व्हीलॅन ३० दोन्ही बाजूंना `add` लावून मिळवला आणि तिन्ही झाडे पुन्हा तपासून मगच कॉन्फिगरेशन साठवले. आज सकाळपासून `Gi1/0/4` चा आलेख वर चढला आहे आणि `Gi1/0/3` चा उतरला आहे.

टिपणीतला परिच्छेद आता असा आहे:

“तिन्ही व्हीलॅनचा रूट `CORE-1` असून त्याची प्रायॉरिटी ४०९६ अशी मुद्दाम ठरवलेली आहे. `ACC-3` आणि `ACC-4` यांच्यामधील जोडणी राखीव आहे आणि ती `ACC-4` च्या `Gi0/23` वर मिटलेली असणे अपेक्षित आहे. ते पोर्ट उघडे आढळल्यास तिसऱ्या किंवा चौथ्या मजल्याचा मुख्य अपलिंक तुटला आहे किंवा रूट बदलला आहे, असे समजून प्रथम `show spanning-tree root` पाहावे. कोअर बदलताना नव्या स्विचवर ही प्रायॉरिटी जोडणीपूर्वीच द्यावी, अन्यथा रूट पुन्हा `ACC-3` कडे जाईल.”

रॅपिडचा निर्णय मी घेतलेला नाही. `ACC-3` चे फर्मवेअर जुने आहे आणि ते बदलण्याचा प्रयोग मी जाता जाता करणार नाही. तो विषय कारणासह नव्या व्यक्तीसाठी नोंदवून ठेवला आहे.

चौकस

निभावले, याचा आनंद आहे. माझे मत मात्र बदललेले नाही. तिसऱ्या खोडीचे काय केलेत?

उत्तरवारा

ती काढलेली नाही. तिच्यासमोर ‘कारण बहुधा सामायिक अपलिंक, बदल केला, परंतु महिनाअखेरीस पडताळणे बाकी’ असे लिहिले आहे. महिनाअखेरीस मी येथे नसेन. तक्रारी तशाच राहिल्या, तर मूळ कोअर आणि सर्व्हर यांच्यामधल्या जोडणीत शोधावे लागेल; ती जोडणीही १ गिगाबिटचीच आहे आणि तिच्यावर चारही मजले आहेत.

जुना खेळाडू

आणि `ACC-2` चे `Gi0/17`?

उत्तरवारा

हजेरीच्या यंत्राची सेटिंग उघडायला पुरवठादाराचा संकेतांक लागतो. मागितला आहे, अजून आलेला नाही. तोपर्यंत त्या ओळीत ‘पलीकडचे यंत्र वाटाघाटी करत नसावे, खात्री केलेली नाही’ असेच राहील.